व्हीपीएन चालू असताना लॉगिन अडतं: सर्व्हर बदलावा, स्वतंत्र पत्ता घ्यावा की घरच्या नेटवरून जावं?

पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, तरीही साइट आत घेत नाही. व्हीपीएन बंद केला की तीच साइट मुकाट्याने उघडते. पुण्यात बसून सुरक्षिततेसाठी व्हीपीएन कायम चालू ठेवणाऱ्यांना हे अधूनमधून भेटतं. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहून भारतातली बँक, वीजबिल किंवा सरकारी साइट उघडू पाहणाऱ्यांना मात्र ते जवळजवळ रोजचं आहे. हा आढावा मुख्यतः त्या दुसऱ्या गटासाठी आहे, कारण पैसे खर्चून चुकीचा पर्याय घेण्याची शक्यता तिथेच जास्त.

आधी अडचण नक्की कुठली आहे ते पाहा. लॉगिनचा फॉर्म दिसण्याआधीच ४०३ किंवा `Access denied` असं पान आलं, तर व्हीपीएनचा आयपी पत्ताच अडवला आहे. तुमच्या खात्याचा त्यात काही संबंध नाही. फॉर्म भरल्यावर ‘संशयास्पद हालचाल’ असा निरोप येत असेल किंवा ओटीपी घेऊन साइट पुन्हा पहिल्या पानावर सोडत असेल, तर पत्ता आणि खातं दोन्ही मिळून जोखमीचा गुण वर गेला आहे. अशा वेळी सर्व्हर बदलून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. दहा मिनिटांत सिंगापूर, मुंबई आणि लंडन अशा तीन ठिकाणांहून आलेला एकच माणूस खातं चोरणाऱ्यासारखाच दिसतो आणि मग खातंच लॉक होतं. दोन प्रयत्न झाले की थांबा.

मग व्हीपीएन चालू ठेवून टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
curl https://ipinfo.io/json
```

उत्तरातल्या दोन ओळी महत्त्वाच्या. नमुन्यादाखल:

```
"country": "IN",
"org": "AS212238 Datacamp Limited"
```

`country` भारत दाखवतंय म्हणून बहुतेक जण निर्धास्त होतात. साइट मात्र `org` कडेही बघते. हा पत्ता ज्या नेटवर्कचा, त्याची नोंद तिथे असते. डेटाकॅम्प, एम२४७ ही डेटासेंटरची नावं. घरच्या जोडणीवर तिथे `AS55836` म्हणजे जिओ किंवा `AS9829` म्हणजे बीएसएनएल असं काहीतरी दिसेल. डेटासेंटरमध्ये सर्व्हर राहतात, बँकेचे ग्राहक राहत नाहीत, हा साइटचा साधा हिशोब.

एक पत्ता अनेकांनी वापरणं हाच दोष असता, तर जिओचे पत्तेही कधीच काळ्या यादीत गेले असते, कारण मोबाइल कंपन्याही कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. पण जिओचा पत्ता अडवला तर साइटचे खरे ग्राहक बाहेर राहतात आणि तक्रारींचा पाऊस पडतो. डेटासेंटरचा पत्ता अडवला तर फारसं कुणी ओरडत नाही, आणि चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या वापरून बघणारे बॉट मात्र मोठ्या प्रमाणात गळतात. पुढचे सगळे पर्याय याच एका निकषावर तोलायचे: नवा पत्ता कुणाच्या नावावर दिसणार?

भारतीय एक्झिटची, म्हणजे व्हीपीएनमधून तुम्ही जिथून बाहेर पडता त्या सर्व्हरची, आणखी एक खोड आहे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि दिलेले आयपी पाच वर्षं जपून ठेवावेत असं होतं. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर काढले. त्यामुळे मोठ्या सेवांच्या यादीत ‘इंडिया’ दिसलं तरी सर्व्हर अनेकदा सिंगापूर किंवा लंडनमध्ये असतो, फक्त पत्त्याची नोंद भारताची असते. पत्त्यांची माहिती विकणाऱ्या सगळ्या कंपन्या ही नोंद मानतातच असं नाही. काही जण सिग्नल जायला-यायला लागणारा वेळ मोजून खरी जागा ताडतात. म्हणून एका साइटला तुम्ही मुंबईत दिसता, दुसरीला सिंगापुरात. ‘ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असा निरोप आला तर कारण बहुधा हे असतं, जोखमीचा गुण नव्हे.

| पर्याय | साइटला काय दिसतं | खर्च आणि कटकट |
|---|---|---|
| त्याच सेवेचा दुसरा सर्व्हर | बहुधा तेच डेटासेंटर | फुकट, बेभरवशाचा |
| स्प्लिट टनेलिंग | तुम्ही आहात तिथली खरी जोडणी | फुकट, पाच मिनिटं |
| स्वतंत्र पत्ता | डेटासेंटर, पण एकट्याचा | जादा वर्गणी |
| भाड्याचा सर्व्हर मुंबईत | क्लाउड कंपनीचं नाव | दरमहा भाडं, देखभाल तुमची |
| भारतातल्या घरचं नेट | घरगुती ग्राहक | एक छोटं यंत्र, घरच्यांची मदत |

सर्व्हर बदलणं हा पहिला उपाय सगळेच करतात. एखाद्या पत्त्यावरून नुकताच कुणीतरी धुडगूस घातला असेल, तर शेजारचा पत्ता चालून जातोही. पण कंपनीचे पत्ते एकाच नेटवर्कमध्ये ओळीने घेतलेले असतात आणि साइट अनेकदा अख्खी ओळच अडवते. सर्व्हर बदलल्यावर वरची आज्ञा पुन्हा चालवा. `org` तेच असेल तर लॉगिनचा प्रयत्न वाया घालवू नका.

भारतातून वापरणाऱ्यांनी मात्र इथेच थांबून स्प्लिट टनेलिंग घ्यावं, पुढचं वाचायचीही गरज नाही. बँकेचं अ‍ॅप किंवा एखादा वेगळा ब्राउझर व्हीपीएनमधून वगळायचा, बाकी सगळं आतून जाऊ द्यायचं. विंडोज आणि अँड्रॉइडवर बहुतेक सेवा ही सोय देतात, आयफोनवर ती सहसा नसते. अँड्रॉइडवर एक गोष्ट हमखास अडते: फोनच्या व्हीपीएन सेटिंगमधलं `Block connections without VPN` चालू असेल, तर वगळलेल्या अ‍ॅपला इंटरनेटच मिळत नाही. लोक बँकेच्या अ‍ॅपला दोष देतात. ते बटण बंद करा.

परदेशातल्यांनीही आधी हेच करून बघावं. अनिवासी ग्राहक परदेशातून येणार हे बँकेला ठाऊक असतं. श्टुटगार्टमधल्या घरगुती जोडणीवरून आलेला ग्राहक तिला ‘मुंबईतल्या’ डेटासेंटरवरून आलेल्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटू शकतो. व्हीपीएनमुळेच काम बिघडत होतं, असं बऱ्याचदा निघतं. खरी अडचण फक्त भारतापुरत्या बांधलेल्या साइटची, म्हणजे प्रामुख्याने काही सरकारी साइटची. तिथे भारतातला पत्ता हवाच.

त्यासाठी व्हीपीएन कंपन्या स्वतंत्र पत्ता विकतात. तो एकट्याचा असल्याने दुसऱ्याच्या पापाची फळं तुम्हाला भोगावी लागत नाहीत आणि रोज तोच पत्ता दिसल्याने साइट हळूहळू ओळखू लागते. मेल किंवा खरेदीच्या साइटसाठी पैसे वसूल होतात. पण नेटवर्कचं नाव डेटासेंटरचंच राहतं. सरसकट डेटासेंटर अडवणाऱ्या साइटवर त्याचा शून्य उपयोग, शिवाय त्या पत्त्यावरची प्रत्येक हालचाल आता तुमचीच. घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी आधी विचारा: भारतातला स्वतंत्र पत्ता देता का, आणि पैसे परत मिळण्याची मुदत किती.

भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर वायरगार्ड हे सॉफ्टवेअर बसवून स्वतःचा व्हीपीएन करण्याचा सल्ला तांत्रिक मंडळी सर्रास देतात. या कामासाठी तो आम्हाला पटत नाही. अ‍ॅमेझॉनसारखी कंपनी आपले पत्ते स्वतःच जाहीर करते, त्यामुळे ते अडवणं साइटला एका ओळीचं काम. सर्व्हर प्रत्यक्ष मुंबईत असल्याने देशाचा प्रश्न सुटतो, जोखमीचा नाही.

राहिलं भारतातल्या घरचं नेट. आईवडिलांकडे ब्रॉडबँड असेल तर हाच पर्याय सर्वांत खात्रीचा, कारण पत्ता खरोखरच घरगुती असतो. पूर्वी यात राउटरचं पोर्ट उघडावं लागायचं आणि बऱ्याच भारतीय जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसल्याने गाडी तिथेच अडायची. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुमचीही तीच गत. टेलस्केल हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर हा अडथळा स्वतःच ओलांडतं आणि वैयक्तिक वापराला फुकट आहे. रास्पबेरी पाय किंवा जुना लिनक्स लॅपटॉप पुरतो. त्यावर टेलस्केल बसवून हे करा:

```
echo 'net.ipv4.ip_forward = 1' | sudo tee /etc/sysctl.d/99-tailscale.conf
echo 'net.ipv6.conf.all.forwarding = 1' | sudo tee -a /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo sysctl -p /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo tailscale up --advertise-exit-node
```

नंतर टेलस्केलच्या साइटवर त्या यंत्राच्या `Edit route settings` मध्ये `Use as exit node` ला मान्यता द्या. ही पायरी राहिली की फोनवर यंत्र दिसतं, पण एक्झिट म्हणून निवडता येत नाही. शेवटी तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ते एक्झिट निवडून पुन्हा `ipinfo.io` पाहा. `org` मध्ये घरच्या कंपनीचं नाव आलं तरच लॉगिनला हात घाला. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे व्यावसायिक सेवा आधी बंद करावी लागेल.

वेग घरच्या अपलोडवर ठरतो. फॉर्म भरायला आणि पावती उतरवायला तो पुरेसा असतो, सिनेमा बघायला हा मार्ग नाही. आणि तिथून जाणारं सगळं आईवडिलांच्या जोडणीच्या नावावर जातं, म्हणून ते एक्झिट मित्रांना वाटू नका.

घरगुती पत्ते विकणाऱ्या सेवाही बाजारात आहेत. त्या घेऊ नयेत. ते पत्ते अनेकदा मालकाला कल्पनाही नसलेल्या संगणकांचे असतात. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने बंद पाडलेलं ९११ एस५ हे जाळं फुकट व्हीपीएन अ‍ॅपमधून पसरलं होतं आणि त्यात १ कोटी ९० लाखांवर आयपी पत्ते होते. अशा कुणाच्या तरी संक्रमित संगणकामधून बँकेचं लॉगिन नेण्यात काहीच शहाणपण नाही.

घरचं एक्झिट लावून परत जाण्याआधी एक काम राहतं. टेलस्केलची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते आणि यंत्र आपोआप बाहेर पडतं. तेव्हा तुम्ही श्टुटगार्टात आणि आई सांगलीत फोनवर ‘कुठलं बटण दाबू?’ विचारत असते. त्या यंत्राच्या मेनूतलं `Disable key expiry` आत्ताच दाबा. मग भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू करा आणि वीज गेल्यावर राउटर आणि यंत्र दोन्ही आपणहून उठतात का, ते तिथे असतानाच पाहून घ्या.