व्युत्क्रम जालक: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, आणि तेहतीस अंशांवरचे शिखर

गेल्या आठवड्यात आमच्या गटात एका शिखरावरून दोन दिवस वाद झाला. सिलिकॉनच्या चकतीवर वाढवलेल्या एका पातळ थराच्या क्ष-किरण आलेखात ३३ अंशांच्या किंचित अलीकडे एक बारीक, टोकदार शिखर दिसत होते. ते थरात तयार झालेल्या नव्या संयुगाचे आहे असे एका सहकाऱ्याचे मत होते आणि त्यासाठी यंत्राची पूर्ण रात्र राखून ठेवायची तयारी चालली होती. यंत्राचा वेळ वाया गेलेला मला सहन होत नाही. तो वाद शेवटी व्युत्क्रम जालकाच्या एका आकृतीने मिटला, म्हणून आठ महिने ही पद्धत रोज वापरल्यावरचे माझे मत येथे लिहीत आहे. जालक, ब्रॅगचा नियम आणि मिलर निर्देशांक वाचकांना माहीत आहेत असे धरले आहे.

सुरुवात तक्रारीने करते, कारण पहिले तीन महिने मी याच तक्रारीत घालवले. व्युत्क्रम जालकाच्या व्याख्येत 2π घ्यायचा की नाही यावर स्फटिकविज्ञान आणि घनस्थिती भौतिकी यांचे आजही एकमत नाही. स्फटिकविज्ञानात बिंदूचे अंतर 1/d आणि गोलाची त्रिज्या 1/λ असते, तर भौतिकीत दोन्ही राशींना 2π ने गुणतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष आहेत. घात होतो तो त्यांची सरमिसळ झाल्यावर. मी सिलिकॉनच्या १११ बिंदूचे अंतर एका प्रोग्राममधून घेतले, ते २.००४ प्रति अँगस्ट्रॉम होते, आणि तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवरून त्रिज्या स्वतः काढली, ती ०.६४९ आली. त्या गोलाचा व्यासच १.२९८, आणि १११ हा तर सिलिकॉनचा मूळबिंदूला सर्वांत जवळचा परावर्तन देणारा बिंदू. म्हणजे माझ्या आकृतीप्रमाणे सिलिकॉनमधून तांब्याच्या किरणांचे विवर्तन होणेच अशक्य होते. चूक उलट बाजूने झाली असती तर हेच शिखर २८.४४ ऐवजी साधारण ४.५ अंशांवर आले असते. उत्तर सहापटीहून थोडे अधिक चुकले की मी आता आधी 2π शोधते, पण इतक्या साध्या गोष्टीसाठी इतकी सावधगिरी लागावी हे मला आजही खटकते. या लेखात पुढे सर्वत्र 2π विना लिहिले आहे.

ही पद्धत मुळात कशासाठी आहे हे मला उशिरा समजले. खऱ्या अवकाशात परस्परांशी समांतर, समान अंतरावरच्या प्रतलांचा एक संच डोळ्यांसमोर आणायचा तर त्याचा कल आणि त्यांतले अंतर या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि असे संच एकमेकांना छेदत असंख्य असतात. व्युत्क्रम अवकाशात त्या संपूर्ण संचाच्या जागी एकच बिंदू उरतो. मूळबिंदूपासून त्या बिंदूची दिशा म्हणजे प्रतलांचा लंब, आणि त्याचे अंतर म्हणजे 1/d. दाट प्रतले दूर जातात, विरळ प्रतले जवळ येतात, आणि हे सगळे बिंदू मिळून पुन्हा एक नीटस जालक बनते. हे केवळ सोयीचे चित्र नाही. स्फटिकातील सर्व अणूंकडून आलेले तरंग एका कलेत मिळायचे असतील तर बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या तरंग सदिशांतील फरक या जालकाच्या एखाद्या सदिशाएवढाच, म्हणजे G एवढाच, असावा लागतो, आणि व्युत्क्रम जालकाची व्याख्याच ही अट पाळणाऱ्या सदिशांचा समूह अशी आहे.

दुसरी अट ऊर्जेची. किरण ऊर्जा न गमावता विखुरतो, म्हणून दोन्ही तरंग सदिशांची लांबी 1/λ इतकीच राहते. समान लांबीच्या सदिशांची टोके एका गोलावर असतात. पॉल एवाल्ड यांनी १९१३ साली मांडलेली रचना एवढीच आहे: येणारा सदिश k मूळबिंदूवर संपेल असा काढायचा, त्याच्या शेपटीशी केंद्र धरून 1/λ त्रिज्येचा गोल काढायचा, आणि जे जालकबिंदू गोलाच्या पृष्ठभागावर येतील तेवढीच परावर्तने मिळतील. मूळबिंदू गोलाच्या केंद्रात नसून पृष्ठभागावर असतो. नवशिक्यांची, आणि सुरुवातीला माझीही, चूक येथेच होते. केंद्र, मूळबिंदू आणि जालकबिंदू जोडले की समद्विभुज त्रिकोण मिळतो आणि त्यातून |G| = 2|k| sin θ, म्हणजेच ब्रॅगचा नियम, आपोआप निघतो.

येथपर्यंत आल्यावर माझे मत असे होते की ब्रॅगचा नियम वापरून तेच उत्तर एका ओळीत मिळत असेल तर गोल आणि जालक काढण्याचा खटाटोप कशाला? हे मत मला मागे घ्यावे लागले. ००१ दिशेला कापलेली सिलिकॉनची चकती मी नेहमीच्या सममित मांडणीत ठेवली आणि २८.४४ अंशांवर १११ चे शिखर शोधत बसले. कोन बरोबर होता, तरंगलांबी बरोबर होती, आणि आलेख सपाट होता. भुकटीच्या नमुन्यात हेच शिखर सर्वांत उंच असते. ब्रॅगच्या नियमात फक्त लांबी आहे, दिशा नाही. मी त्रिकोणाची बाजू मोजली होती, पण ती कोणीकडे वळली आहे हे पाहिलेच नव्हते. सममित मांडणीत G ला चकतीच्या लंबावरच राहावे लागते, म्हणून कोन वाढवत नेला तरी आपण व्युत्क्रम अवकाशात त्या एकाच रेषेवर चालत असतो. त्या रेषेवर ००२ आणि ००४ हे बिंदू आहेत; १११ तिच्यापासून ५४.७४ अंशांनी कललेला आहे आणि वाटेत कधीच येणार नाही.

मग चकती किरणाच्याच प्रतलात तेवढी वळवून चालेल का? १११ साठी θ हा १४.२२ अंश आहे. त्यातून ५४.७४ वजा केले की किरणाचा पृष्ठभागाशी कोन ऋण येतो, म्हणजे किरण चकतीच्या खालून यायला हवा. दुसऱ्या बाजूला वळवले तर बाहेर पडणारा किरण खाली जातो. म्हणून चकती आडवी कलवण्यावाचून गत्यंतर नाही. याउलट ११३ हा बिंदू लंबापासून २५.२४ अंशांवर आहे आणि त्याचा θ २८.०६ आहे, म्हणून किरण पृष्ठभागाला २.८२ अंशांनी जवळजवळ घासत आत येतो आणि परावर्तन मिळते. ही दोन्ही उत्तरे मला कागदावर, यंत्र सुरू न करता मिळाली, आणि वाचलेल्या वेळेचा हिशेब करता पहिल्या तीन महिन्यांचा मनस्ताप वसूल झाला असे मी मानते.

आता ३३ अंशांचे शिखर. सिलिकॉनच्या ००२ बिंदूसाठी गणित केले तर २θ बरोबर ३२.९६ अंश येतो. म्हणजे जागा चकतीचीच आहे. सहकाऱ्याचा आक्षेप मात्र योग्य होता: सिलिकॉनच्या रचनेत, तिन्ही निर्देशांक सम असून त्यांची बेरीज चारने भागली जात नसेल, तर कोशिकेतील अणूंचे तरंग एकमेकांना खोडतात आणि ते परावर्तन निषिद्ध ठरते. ००२ तसेच आहे. गोल फक्त किरण कोठे जाऊ शकतो ते सांगतो, किती जाईल ते सांगत नाही, ही या चित्राची खरी मर्यादा आहे आणि ती मी नाकारत नाही.

परंतु या कोड्याचे उत्तरही गोलातच आहे. मूळबिंदू आणि ००२ गोलावर असताना योगायोगाने १११ सुद्धा गोलावर आला, तर किरण आधी १११ कडे वळतो, आणि तेथून (−१ −१ १) या सदिशाने पुन्हा वळून नेमका ००२ च्या दिशेने बाहेर पडतो, कारण या दोन सदिशांची बेरीज ००२ होते. दोन्ही टप्पे परवानगी असलेले आहेत. निषिद्ध दार बंदच राहते. किरण वळसा घेऊन त्याच जागी पोहोचतो. हे कधी घडेल तेही भूमितीच सांगते. चकती लंबाभोवती फिरवणे म्हणजे जालक त्या अक्षाभोवती फिरवणे. तांब्याच्या किरणासाठी गणित केले तर येणाऱ्या किरणाची पृष्ठभागावरील दिशा ११० प्रकारच्या दिशांपासून साधारण ६ अंशांवर आली की १११ प्रकारचा बिंदू गोलाला भिडतो. इतर बिंदूंच्या जोड्याही इतर कोनांवर हेच काम करतात, म्हणून अशा जागा अनेक आहेत.

यातूनच कसोटी मिळते. अक्षावरचा बिंदू अक्षाभोवती फिरवल्याने हलत नाही, म्हणून खरे सममित परावर्तन, मग ते थराचे असो वा चकतीचे, चकती कशीही फिरवली तरी तसेच राहायला हवे. वळशाने आलेले शिखर मात्र तिसरा बिंदू गोलावर असेपर्यंतच टिकेल. आम्ही ३१ ते ३५ अंशांचा आखूड आलेख दर ५ अंशांच्या वळणावर घेतला. सममितीमुळे ४५ अंशांपर्यंत जाणे पुरेसे होते, आणि पूर्ण रात्रीऐवजी काम तासाभरात झाले. थराचे शिखर जागेवर, त्याच उंचीचे राहिले. ३३ अंशांचे शिखर चढले, उतरले आणि दोन जागी जवळजवळ नाहीसे झाले. प्रयोगशाळेतील किरण थोडा पसरलेला असल्याने ते एका क्षणात जात नाही. एखादा अंश फिरवून निष्कर्ष काढला असता तर फसगत झाली असती.

हे लिहिताना 2π बद्दलचा माझा राग पूर्वीइतका उरलेला नाही, कारण वरच्या सगळ्या गणितात मी लांबी a च्या पटीत मोजली होती: बिंदू (०, ०, २), त्रिज्या a/λ म्हणजे ३.५२५, आणि गुणकाचा प्रश्नच उद्भवला नाही. घनाकृती स्फटिकासाठी ही सवय मी कोणालाही सुचवेन. तिरकस कोशिकेच्या स्फटिकात ती चालत नाही, तेथे a* हा 1/a नसून 1/(a sin β) सारखा काहीतरी होतो, आणि दुसऱ्याच्या फाइलमधील आकडा घेण्यापूर्वी त्यात 2π आहे की नाही हे एका ओळखीच्या शिखरावर तपासूनच मी पुढे जाते.