डिटॉक्स टीच्या नावाखाली मला सोनामुखी विकली, १,४९९ रुपयांना

दिवाळीनंतर वजन ४ किलो वाढलेलं, त्यात मोबाईलवर सारखी ती जाहिरात, २८ दिवसांत पोट सपाट, शरीरातले टॉक्सिन बाहेर, १००% नॅचरल, नो साइड इफेक्ट. मी पण घेतला एक पॅक, १,४९९ रुपये. आत सकाळच्या २८ पिशव्या आणि रात्रीच्या १४, रात्रीची एक दिवसाआड घ्यायची.

सकाळची म्हणजे साधा ग्रीन टी, थोडं लेमनग्रास. खरा खेळ रात्रीच्या पिशवीत. दहाला प्यायले आणि पहाटे साडेपाचला पोटात अशी कळ आली की धावत बाथरूम गाठलं. चौथ्या दिवशी वजन काट्यावर दीड किलो कमी, मी खूश, ग्रुपवर फोटो पण टाकला. (तो फोटो आता डिलीट केलाय, कोणी शोधू नका.)

माझं एकवेळ ठीक, पण सासूबाईंना बद्धकोष्ठाचा जुना त्रास, त्या म्हणाल्या मलाही दे गं एक कप. त्यांना एवढं बरं वाटलं की त्या रोज रात्री घ्यायला लागल्या, मी दुसरा पॅक मागवला. आईंना बीपीची गोळी चालू आहे, त्यात लघवी जास्त होणारं औषध आहे, हे मला माहीत होतं पण चहाशी त्याचा काय संबंध असं वाटलं. अडीच आठवड्यांनी त्यांच्या पायात रात्री गोळे यायला लागले, मग थकवा, मग एक दिवस म्हणाल्या छातीत धडधडतंय. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९, नॉर्मल ३.५ च्या वर हवं. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय सुरू केलंय? आई म्हणाल्या काही नाही हो, नुसता चहा. डॉक्टर म्हणाले बॉक्स घेऊन या.

बॉक्सच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, Cassia angustifolia leaf. डॉक्टर म्हणाले ही सोनामुखी आहे हो. आई ताडकन उठून बसल्या, "अगं सोनामुखी तर आमच्याकडे जुलाबाला द्यायचे!" म्हणजे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'क्लेन्स' आणि मागे लॅटिन नाव. मराठीत लिहिलं असतं तर घरातल्या म्हातारीने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. सोनामुखी मोठ्या आतड्यावर काम करते, घेतल्यावर साधारण ६ ते १२ तासांनी, म्हणून पहाटेची कळ. पण जेवणातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात. त्यामुळे दीड किलो गेलं ते पाणी आणि मळ, चरबी नाही, आणि बंद केल्यावर चार दिवसांत माझं वजन होतं तिथे परत आलं. आणि टॉक्सिन कुठलं ते बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नाही, शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडनी रोज करतच असतात. जुलाबाबरोबर पोटॅशियमही जातं, आईंच्या गोळीने पण जातं, दोन्ही मिळून तो आकडा आला.

सोनामुखी वाईट नाही बरं का, कधीतरी चार दिवस बद्धकोष्ठाला डॉक्टर पण देतात. पण गोळीवर किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं, पिशवीवर नाही. पाच मिनिटं भिजवली तर एक डोस, विसरून वीस मिनिटं ठेवली तर वेगळाच. आणि डॉक्टरांना न विचारता आठवड्याच्या वर घ्यायची नसते, हे २८ दिवस सांगतायत!

डॉक्टरांनी सांगितलं की लघवीची गोळी, हृदयाची डिजॉक्सिन किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे बिलकुल घ्यायचं नाही, गरोदर बायका, लहान मुलं, आतड्याला सूज असलेले लोक यांनी पण नाही. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांनी लक्ष ठेवा, जोरात जुलाब झाले तर गोळी नीट शोषली जात नाही. दुसऱ्या ब्रँडच्या बॉक्सवर जेष्ठमध दिसला तर बीपीवाल्यांनी तोही रोज पिऊ नका, त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

बॉक्सवर FSSAI चा १४ आकडी नंबर बघून मी निर्धास्त होते. तो नंबर म्हणजे फूड विकायचं लायसन्स, वजन कमी होतं याचं सर्टिफिकेट नाही.

रिफंड मागितला तर उत्तर आलं, सील तुटलंय, आणि रिझल्ट प्रत्येकाच्या शरीरावर अवलंबून असतो. आई आता बऱ्या आहेत, पोटॅशियम ४.१. परवा त्या काष्ठौषधीच्या दुकानात मुद्दाम सोनामुखीचा भाव विचारून आल्या. शंभर ग्रॅम ५० रुपये.