आठ महिने झाले: डब्यावर २.७७ गिगाबिट, घरात १४ एमबीपीएस

माझ्या नव्या ५जी फोनच्या कॅमेरा, बॅटरी, डिस्प्ले यांवर भरपूर लिहिलं गेलंय आणि त्यात माझी काही तक्रारही नाही. मॉडेलचं नावही घेत नाही. मला फक्त नेटबद्दल लिहायचंय, कारण आठ महिने याच एका गोष्टीनं डोकं खाल्लंय.

आम्ही मनीषनगरात तळमजल्यावर राहतो. रात्री नऊला मुलीचा ऑनलाइन क्लास असतो. नव्या ५जी फोनवर व्हिडिओ दर दोन मिनिटांनी अडकायचा. बायकोचा पाच वर्षं जुना ४जी फोन, सिम त्याच कंपनीचं, त्यावर तोच क्लास सुरळीत चालायचा. "अहो, एवढे पैसे घालून हेच आणलं का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिम अदलाबदल करून पाहिली, फरक शून्य. एकाच टेबलावर, एकाच वेळी नव्यावर १४ आणि जुन्यावर ५२ एमबीपीएस.

सर्व्हिस सेंटरच्या दोन चकरा झाल्या. नेटवर्क सेटिंग रिसेट केल्या, सिम बदलायला लावलं, शेवटी म्हणाले टॉवरचा प्रॉब्लेम आहे. टॉवर खराब असता तर जुना फोन कसा पळाला असता?

मग एका रविवारी दोन्ही फोन शेजारी ठेवून डायलरवर हा कोड टाकला:

```
*#*#4636#*#*
```

फोनच्या माहितीच्या पानावर `Physical Channel Config` अशी ओळ येते (काही फोनांत ती दिसत नाही). जुन्या फोनवर एक `PrimaryServing` आणि त्याखाली दोन `SecondaryServing`. बँडविड्थ एकाची `10000`, बाकी दोघांची `20000`, म्हणजे मिळून ५० मेगाहर्ट्झ. १८०० मेगाहर्ट्झच्या बँडमधला एक आणि २३००च्या बँडमधले दोन अशा तीन कॅरियरवरून, म्हणजे डेटा वाहणाऱ्या तीन पट्ट्यांवरून, तो एकदम डेटा ओढत होता. नव्या फोनवर एकच ओळ: २३००च्या बँडमधले २० मेगाहर्ट्झ.

नव्या फोनची चिप ४जीतही कॅरियर जोडू शकते, तसं तिच्या माहितीत लिहिलंय. पण फोन नेटवर्कला जोडला जाताना आपल्याला कोणकोणत्या बँडच्या जोड्या जमतात त्यांची यादी टॉवरला देतो आणि टॉवर त्या यादीबाहेरची जोडी देत नाही. १८०० आणि २३०० ही जोडी जरा अवघड. पहिल्यात अपलोड-डाउनलोडला वेगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, दुसऱ्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं दोन्ही चालतं. जुना फोन त्या काळी महागातला होता, त्यात ती सोय होती. माझ्या फोनच्या यादीत ती जोडी नसावी असाच माझा निष्कर्ष आहे, कारण आठ महिन्यांत दुसरी ओळ एकदाही दिसली नाही.

रात्री दोनला उठून परत मोजलं. नव्यावर ८५, जुन्यावर १७०. म्हणजे टॉवर मोकळा असताना फरक दुप्पट आणि रात्री नऊच्या गर्दीत जवळजवळ चौपट. नऊ वाजता अख्ख्या वस्तीचे फोन त्या २३००च्या कॅरियरवर बसलेले असतात. जुन्याला तिथं जागा मिळाली नाही तर टॉवर त्याला दुसऱ्या कॅरियरवरून डेटा देतो. माझा फोन एकाच रांगेत उभा. असे कॅरियर जोडण्याचा, म्हणजे कॅरियर अ‍ॅग्रीगेशनचा खरा फायदा मला इथं कळला.

चौथ्या महिन्यात माझं मत थोडं बदललं, तेही प्रामाणिकपणे सांगतो. गच्चीवर हाच फोन ५जीवर ३८० देतो, तेही एकाच कॅरियरवर. ३३००च्या बँडचा तो एक कॅरियर १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो. तिथं जुना फोन याच्या जवळपासही येत नाही. तेव्हा फोन टाकाऊ आहे असं मी जे सगळ्यांना सांगत सुटलो होतो, ते मागे घेतो. पण ती फ्रिक्वेन्सी आमच्या दोन भिंती ओलांडत नाही. आतल्या खोलीत स्क्रीनच्या कोपऱ्यात 5G दिसत राहतं आणि डेटा मात्र ४जीवरून येत असतो.

आता डब्यावरचे २.७७. तो आकडा एकापेक्षा जास्त ५जी कॅरियर जोडून, सिग्नल अगदी स्वच्छ आणि टॉवरवर आपण एकटेच, असं धरून काढलेला असतो. २०२२च्या लिलावात मोठ्या कंपन्यांनी ३३००च्या बँडमध्ये साधारण १०० मेगाहर्ट्झच घेतले. त्या बँडमध्ये बेरजेतला दुसरा कॅरियर माझ्या टॉवरवर येणार कुठून? आणि त्या आकड्यात ४जीतल्या जोड्यांबद्दल एक अक्षर नाही, घरात मात्र मी दिवसभर ४जीवरच असतो.

फोन विकायला काढला तर निम्मेही येत नाहीत, म्हणून ठेवलाय. जुन्या फोनला १,१०० रुपयांत नवी बॅटरी टाकली. तो आता खिडकीत चार्जरला लावलेला असतो आणि नऊ वाजले की मुलगी त्याचा हॉटस्पॉट सुरू करते.