व्हिममधील मॅक्रो आठ महिने वापरल्यानंतर: `dw` ने केलेला घात

व्हिममध्ये मॅक्रो नोंदवून आकड्यासह परत चालवण्याची सोय मी गेले आठ महिने जवळजवळ रोज वापरतो आहे. `qa` ने नोंद सुरू होते, `q` ने संपते आणि `@a` ने ती परत चालते, हे वाचकांना ठाऊक असेलच, त्यामुळे ती उजळणी टाळतो. हे लिहायला बसण्याचे कारण म्हणजे एका वाचनालयाच्या सभासद यादीत माझ्या हातून झालेला घोळ. या कामासाठी पैसे मोजून वेगळे सॉफ्टवेअर घेणे माझ्या स्वभावात नाही; ते घेतले असते, तर निदान दोष द्यायला कोणीतरी मिळाले असते.

यादी 412 ओळींची होती. प्रत्येक ओळीत आधी आडनाव, मग स्वल्पविराम आणि मग नाव असे होते, आणि मला नाव आधी हवे होते. पहिल्या ओळीवर मी पुढील कळा नोंदवल्या:

```
0dwA <Esc>p02xj
```

ओळीच्या सुरुवातीला जाऊन आडनाव कापायचे, शेवटी एक जागा सोडून ते चिकटवायचे, पुढे उरलेला स्वल्पविराम व मोकळी जागा काढायची आणि खालच्या ओळीवर उतरायचे, एवढाच त्याचा अर्थ. मग `500@a` दिले. आकडा मुद्दाम मोठा घेतला, कारण शेवटच्या ओळीवर `j` ला खाली जाता येत नाही आणि तिथे उरलेल्या फेऱ्या आपोआप रद्द होतात. ओळी मोजत बसावे लागत नाही. सगळी यादी क्षणात उलटली, मी खूश होऊन ती पाठवून दिली, आणि दोन दिवसांनी फोन आला की एकही डिसूझा सापडत नाही.

```
D'Souza, Anton
ouza, Anton D
```

वरची मूळ ओळ आणि खालची माझी करामत. व्हिमच्या लेखी अपॉस्ट्रॉफी शब्दाचा भाग नसल्यामुळे `dw` ने फक्त `D` कापला, आणि पुढे `2x` ने स्वल्पविराम समजून `'S` गिळला. मला सर्वात जास्त डाचते ते हे की मॅक्रो कुठेही अडला नाही. `dw` ला कापायला काहीतरी मिळतेच. त्यामुळे चुकीच्या ओळीवरही तो बिनधास्त पुढे जातो.

दुरुस्तीसाठी मॅक्रो परत नोंदवावा लागत नाही, कारण तो `a` रजिस्टरमधला साधा मजकूरच असतो. रिकाम्या ओळीवर `"ap` केले की तो समोर उमटतो (एस्केप कळ `^[` अशी दिसते), मग `dw` च्या जागी `dt,` लिहायचे, म्हणजे स्वल्पविरामापर्यंतचे सगळे कापले जाते. इथे मी आणखी एक तास घालवला. दुरुस्त ओळ मी `"ayy` ने परत उचलली आणि मॅक्रो एकाआड एक ओळ सोडू लागला. `yy` ओळीच्या शेवटचे एंटरही उचलते, आणि मॅक्रो चालताना ते एंटर `j` नंतर आणखी एक ओळ खाली नेते. `0"ay$` ने उचलल्यावर प्रश्न मिटला. चाचणीची ओळ पुसली, मूळ यादी परत उघडली आणि `500@a` दिले.

या वेळी तो 138 व्या ओळीवर थांबला. एका महिला मंडळाचे सभासदत्व होते, नावात स्वल्पविराम नव्हता, `dt,` फसले आणि उरलेल्या सगळ्या फेऱ्या गेल्या. संदेश नाही, खुलासा नाही, फार तर एक टुक असा आवाज, तोही माझ्या टर्मिनलमध्ये बंद. महिनाभर मी याला व्हिमचा उद्धटपणा म्हणत होतो. आता मत बदलले आहे. कर्सर ज्या ओळीवर उभा असतो तीच ओळ वेगळी असते, आणि पहिलीच कापणी फसल्यामुळे तिच्यातले एक अक्षरही हललेले नसते. ती पाहायची, `j` ने ओलांडायची आणि परत `500@a` द्यायचे.

वरचेवर थांबणे नको असेल तर `:%normal @a` आहे. त्यात प्रत्येक ओळीवर मॅक्रो स्वतंत्रपणे चालतो, एक फसली तरी पुढच्या होतात. पण मग अपवाद कुठे होते ते कळत नाही, म्हणून मी आधी `:v/,/p` ने स्वल्पविराम नसलेल्या ओळी छापून पाहतो. त्या यादीत अशा सात निघाल्या. `dt,` चा एक फायदा मला उशिरा उमगला: चुकून तोच मॅक्रो सगळ्या यादीवर दुसऱ्यांदा चालला, तरी उलटलेल्या नावांत स्वल्पविराम उरलेला नसल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही. `dw` असते तर दुसऱ्या फेरीत जोशी आणि पाटीलही डिसूझांच्या वाटेने गेले असते.