वावराला तारेचं कंपाउंड करताय? खांब आधी स्वतः मोजा

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडच्या काळ्या मातीचं. कपाशी, तूर, मागून चणा. रोही आणि रानडुकरांनी दोन हंगाम पार वाट लावली, म्हणून दादाने तारेचं कंपाउंड करायचं ठरवलं. ठेकेदार ओळखीतूनच आला होता. त्याचं नाव इथं देत नाही, कारण तसाच हिशोब मांडणारे आमच्या भागात आणखीही आहेत आणि मला त्या हिशोबाबद्दलच सांगायचं आहे.

वावर चौकोनी आहे, ३३० फूट लांब आणि २६४ फूट रुंद, म्हणजे बरोबर दोन एकर. चारी धुरे मिळून ११८८ फूट. आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. कुणी "एकरी इतके" असा भाव सांगितला तर तिथंच थांबा. कंपाउंड धुऱ्याला लागतं, क्षेत्राला नाही. हेच दोन एकर ६६० बाय १३२ अशा लांबट पट्टीत असते, तर धुरा १५८४ फूट झाला असता. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, घेर नसतो. टेप लावूनच तो काढावा लागतो.

ठेकेदाराने वहीच्या पानावर जो हिशोब दिला तो असा : लांब बाजू ३४ खांब, दोन्ही मिळून ६८. आखूड बाजू २८, दोन्ही मिळून ५६. कोपऱ्याचे ४. एकूण १२८. कोपऱ्याला टेकू १६. बारा गेजची काटेरी तार, पाच पदर, २२५ किलो. खांब बसवून ४२० रुपये, टेकूही त्याच भावाने, तार ९५ रुपये किलो. गेट वेगळं. गेट सोडून बेरीज ८१,८५५ रुपये. दोन खांबांत दहा फूट अंतर राहील, असं तो तोंडी म्हणाला. पानावर ते कुठंच नव्हतं.

आता खांबांचं बघू. ३३० फुटांत दहा-दहा फुटांचे ३३ गाळे पडतात. सरळ एका रेषेत ३३ गाळे असतील तर खांब ३४ लागतात, शेवटच्या टोकाला एक जास्तीचा, हे खरंच आहे. २६४ ला दहाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून २७ गाळे धरायचे, प्रत्येक पावणेदहा फुटांच्या आसपास. तिथं रेषेत २८ खांब. इथवर त्याचं बरोबर आहे, म्हणूनच ऐकणाऱ्याला पटतं. पण वावराचा घेर बंद असतो. एका बाजूचा शेवटचा खांब हाच पुढच्या बाजूचा पहिला खांब. चारही बाजूंना ती जास्तीची एक-एक भर घातली की प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो. त्यावर "कोपऱ्याचे ४" लिहिलं की तोच कोपरा तिसऱ्यांदा. बंद घेराला जितके गाळे तितकेच खांब : ३३, २७, ३३, २७, म्हणजे १२०. आठ खांब नुसत्या पानावरच जास्तीचे.

कुणाला हे पटत नसेल तर दहा बाय दहाचा गोठा धरा, दर दहा फुटांवर खांब. चार कोपऱ्यांना चार खांब, संपलं. त्याच्या पद्धतीने प्रत्येक बाजूला २, चार बाजूंना ८, वर कोपऱ्याचे ४, झाले बारा! कोणत्याही ठेकेदाराचा हिशोब या गोठ्यावर लावून पाहा, लगेच कळतं.

गेटने खांबांची संख्या बदलतेच असं नाही. आमचं गेट बारा फुटांचं आणि कोपऱ्यालाच लागून. कोपऱ्याचा खांब हाच गेटचा एक खांब. त्या बाजूचे उरलेले २५२ फूट, त्यात २६ गाळे, आणि गेटचा एक धरून पुन्हा २७. खांब १२० च राहिले. तारेतून मात्र गेटचे बारा फूट प्रत्येक पदराला वजा व्हायला हवेत. त्याने ते केले नव्हते.

टेकूचंही सांगतो, कारण पुढं ठेकेदार त्याच्याच आड लपला. कोपऱ्याच्या खांबाला तार दोन दिशांनी ओढते, म्हणून दोन टेकू लागतात, ज्या बाजूने तार ओढते त्याच बाजूला, तारेच्या रेषेत तिरपे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथं टेकूशिवाय कोपरा आत वाकणारच. आमच्या तीन कोपऱ्यांना दोन-दोन, गेटच्या कोपऱ्याला एक (तिथं तार एकाच बाजूने ओढते), आणि गेटच्या दुसऱ्या खांबाला एक. एकूण आठ. त्याने सोळा लावले होते.

काम उन्हाळ्यात झालं. मी नागपूरला नोकरीला, दादा बाजार समितीच्या फेऱ्यांत. ट्रॅक्टरला ऑगर लावून खड्डे झाले, खांब उभे राहिले, लांबून छान दिसत होतं. दादाने ७०,००० दिले आणि बाकी गेट नीट बसल्यावर देतो म्हणाला. हे त्याने फार शहाणपणाचं केलं.

पहिल्या पावसानंतर नाल्याकडचा कोपरा झुकला. मी सुटीत गावी होतो. काकाजींसोबत धुऱ्याने फिरताना खालची तार हाताने दाबून पाहिली, तर ती ढिली लागली, डुक्कर आरामात थुथरी घालेल इतकी. टेप लावला. खांबाखांबांत बारा फूट! दोन-तीन ठिकाणी मोजलं, सगळीकडे तेच. मग गेटपासून सुरू करून गेटपर्यंत सगळे खांब मोजले. लांब बाजूंना २८-२८ गाळे, आखूड बाजूंना गेट धरून २२-२२. शंभर खांब. टेकू प्रत्येक कोपऱ्याला एक, म्हणजे चार. पैसे १४४ चे लावले होते, उभे होते १०४.

चाळीस नगांचा फरक कुठून आला ते वेगवेगळं पाहिलं की डाव दिसतो. आठ नग कोपरे पुन्हा पुन्हा मोजल्याचे. वीस नग अंतर दहाचं बारा केल्याचे. बारा टेकूचे, त्यातले आठ लागतच नव्हते आणि चार लागत असून बसवले नाहीत. अंतर दोन फुटांनी वाढलेलं डोळ्याला कळत नाही, पण एकशेवीसात वीस खांब वाचतात. चाळीस गुणिले ४२०, म्हणजे १६,८०० रुपये.

तारेत याहून बारीक काम होतं. आपल्याकडे काटेरी तार किलोवर विकतात आणि आपल्याला लागते फुटांत, या दोहोंच्या मध्ये गेज बसतो. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. बारा गेजची साधारण अडीच मिलिमीटर, चौदाची दोन. बारा गेजची काटेरी तार किलोला नऊ मीटरच्या आसपास भरते, चौदाची तेरा. काटे किती अंतरावर आहेत त्यावर थोडा फरक पडतो, पण इतका नाही की बारा आणि चौदात घोटाळा व्हावा.

आमची गरज अशी : ११८८ मधून गेटचे १२ वजा, ११७६ फूट. पाच पदर, ५८८० फूट, म्हणजे १७९२ मीटर. खांबांना गुंडाळणं आणि जोड यांसाठी शंभराला तीन धरले तर १८४६ मीटर. बारा गेजमध्ये हे सुमारे २०५ किलो. त्याने गेट वजा न करता शंभराला बाराच्या आसपास वाया धरून २२५ लिहिले होते. वीस किलो जास्त, चला, तेही सोडून दिलं असतं.

गोठ्यात तारेचा एक उरलेला तुकडा पडला होता. तो पाच मीटर मोजून कापला आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. ३८५ ग्रॅम. बारा गेजची असती तर साडेपाचशेच्या घरात भरायला हवी होती. म्हणजे तार चौदाची. तितक्याच लांबीला ती १४२ किलोच लागते. आमच्याकडून २२५ किलोचे पैसे, तेही जाड तारेच्या भावाने! ८३ किलो गुणिले ९५, आणखी ७,८८५ रुपये. बंडल आले तेव्हा काट्याची पावती कुणी मागितली नव्हती आणि त्याने दाखवलीही नाही.

ठेकेदाराला बोलावलं. आधी म्हणाला, "हिशोब बरोबर हाये जी, आमचं रोजचंच काम हाये." मी पानावरचे कोपरे दाखवले तर म्हणाला, "भाऊ, ते आठ जास्तीचे टेकूचे धरले ना." टेकूचे सोळा तर खाली वेगळे लिहिले होते. ते दाखवल्यावर खांब उतरवताना तुटल्याचं निघालं. काकाजी शांतपणे म्हणाले, "चाळीस तुटले त तुकडे कुठी हायेत, दाखव न बापा." त्यावर तो गेजकडे वळला, पण तुकडा आणि वजन समोर होतं.

पक्कं बिल नव्हतं, अंतर लिहिलेलं नव्हतं, म्हणून तक्रारीच्या भानगडीत पडलो नाही. राहिलेले ११,८५५ आम्ही दिले नाहीत आणि कमी असलेले चार टेकू त्याच्याकडून बसवून घेतले. खांबांचे १६,८०० आणि तारेचे ७,८८५ यांतून हे ११,८५५ आणि चार टेकूंचे १,६८० वजा केले, तरी ११,१५० रुपये गेलेच. बारा फुटांच्या गाळ्यांचं आता दहा करता येत नाही, सगळे खांब उपटावे लागतील. म्हणून प्रत्येक गाळ्याच्या मध्ये बांबूची काठी उभी करून पाचही पदर तिला बांधले. खालची तार आता जमिनीपासून वीतभर वर ताठ राहते, पण बांबू दोन-तीन वर्षांत सडणार, तेव्हा पुन्हा खर्च आहेच.

काम ठरवताना कागदावर एवढं लिहून घ्या : खांबाखांबांतलं अंतर, एकूण गाळे, टेकू वेगळे आणि कोणत्या कोपऱ्याला किती, तारेचे पदर, गेज, आणि वजनासोबत मीटर. अंतर आधी चुन्याने आखून घ्या, म्हणजे ऑगर कुठं लागतो ते कुणालाही दिसतं. बंडल उघडल्यावर पाच मीटर तार आपल्यासमोर तोलून घ्या.

परवा शेजारच्या गावातल्या एकाने त्याला मिळालेलं पान मला मोबाइलवर पाठवलं. २०० बाय २०० चा चौरस, दर दहा फुटांवर खांब, आणि खाली लिहिलेलं : २१ गुणिले ४, ८४, कोपरे ४, एकूण ८८. मी त्याला गोठ्याचं उदाहरण सांगितलं. त्याने ८८ वर काट मारून ८० लिहिले, अंतराची ओळ स्वतः घातली आणि पान ठेकेदाराला सहीसाठी परत पाठवलं. अजून सही होऊन आलेलं नाही.