सिलिंडर ८५२.५०चा, हातात बिलं दोन आणि मागणी ९००ची

जून २०२५मधली ही गोष्ट मुंबई उपनगरातल्या एका इमारतीत घडली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर दारात आला. डिलिव्हरीवाल्याने दोन कागद पुढे केले आणि म्हणाला, ‘ताई, नऊशे होतात.’ पहिला कागद कॅश मेमो होता आणि त्यावर छापलेली रक्कम होती ८५२.५० रुपये. दुसरा साध्या बिलबुकातला होता. त्यावर एजन्सीचा शिक्का, पेनाने लिहिलेलं ‘सर्व्हिस’ आणि समोर ४७.५०. ना बिल क्रमांक, ना तारीख, ना जीएसटी क्रमांक. पैसे रोख दिले गेले, ओटीपी सांगितला गेला आणि ते ४७.५० हातचे गेले.

हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो आणि त्याची रीत ठरलेली असते. कॅश मेमो तेल कंपनीच्या सिस्टीममधून निघतो. त्यातला दर वितरकाला आपल्या मनाने वाढवता येत नाही, त्यामुळे मेमोवरचा आकडा बहुतेक वेळा बरोबरच असतो. जादा पैसे मेमोच्या बाहेर घेतले जातात. कधी तोंडी, कधी मेमोच्याच कोपऱ्यात पेनाने लिहून, तर कधी असं दुसरं बिल फाडून. तोंडी मागितलेले पैसे नंतर ‘खुशीने दिले’ म्हणून झटकता येतात. दुसरं बिल तसं झटकता येत नाही. म्हणून तो फालतू दिसणारा चिठोरा कचऱ्यात टाकू नका, अख्खी तक्रार त्याच्यावर उभी राहते.

आधी आपला हिशेब पक्का करून घ्या. ८ एप्रिल २०२५ला घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला आणि मुंबईतला दर ८०२.५०वरून ८५२.५० झाला. दर गावागणिक वेगळा असतो, त्यामुळे पुण्याच्या मावशीचं बिल इथे पुरावा म्हणून चालत नाही. तेल कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपलं राज्य, जिल्हा आणि वितरक निवडून दर पाहा आणि त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या. तिथे चालू दर दिसतो. दर बदलला की मागचा पटकन सापडत नाही, आणि बदल महिन्याच्या कुठल्याही तारखेला होऊ शकतो. एजन्सीच्या कार्यालयात दरफलक लावणं ‘एलपीजी (पुरवठा व वितरण नियमन) आदेश, २०००’नुसार बंधनकारक आहे. त्या फलकाचाही फोटो काढा. फलक नसेल तर तसं एक वाक्य तक्रारीच्या पत्रात जाईल.

काउंटरवर विचारायला गेल्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेलीच आहेत. पहिलं, ‘जीएसटी वेगळा.’ हे खोटं आहे आणि ते कॅश मेमोवरच दिसतं. मूळ किंमत ८११.९०, सीजीएसटी २०.३०, एसजीएसटी २०.३०, एकूण ८५२.५०. म्हणजे ५ टक्के कर आत धरलेला आहे. ८५२.५०वर पुन्हा ५ टक्के लावले तर ४२.६३ होतात, तेही ४७.५०शी जुळत नाहीत. जुळणारा आकडा एकच आहे, ९०० वजा ८५२.५०. आधी ९०० ठरवायचे आणि मग उरलेल्या पैशाला नाव शोधायचं, असा हा मामला आहे.

दुसरं उत्तर, ‘जिना चढायचे पैसे.’ घरपोच डिलिव्हरीचा आकार किरकोळ दरातच धरलेला असतो, मजला कितवाही असो. उलट तुम्ही स्वतः गोदामातून सिलिंडर उचललात तर तो आकार वजा करून मिळायला हवा. डिलिव्हरीवाल्याला घामाचे दहा-वीस रुपये आपणहून द्यावेसे वाटले तर तो तुमचा प्रश्न. मागून घेतले आणि त्याचं बिल फाडलं की मग ती बक्षिसी राहत नाही.

अनुदान दारातच वजा होतं, हा गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. उज्ज्वला योजनेच्या ग्राहकाला दारात पूर्णच रक्कम द्यावी लागते. सिलिंडरमागचं अनुदान नंतर बँक खात्यात जमा होतं. २०२५-२६साठी ते ३०० रुपये होतं आणि तेही वर्षाला ९ सिलिंडरांपर्यंतच. खात्यात पैसे आले नाहीत तर ती तक्रार वेगळी, ती या पत्रात घालू नका.

पत्र आधी वितरकालाच द्यायचं. थेट वर गेलात तर ‘आमच्याकडे ग्राहक आलाच नाही’ हे उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. पत्र एका पानात बसलं पाहिजे. वरच्या घटनेसाठी ते असं होईल:

प्रति, मालक/व्यवस्थापक, (एजन्सीचं नाव व पत्ता).
विषय: घरगुती सिलिंडरच्या रिफिलवर जाहीर दरापेक्षा ४७.५० रुपये जादा आकारल्याबाबत.
ग्राहक क्रमांक, १७ अंकी एलपीजी आयडी, बुकिंग क्रमांक, कॅश मेमो क्रमांक व तारीख, डिलिव्हरीची तारीख व वेळ.

महोदय,
वरील कॅश मेमोनुसार १४.२ किलो रिफिलची किंमत ८५२.५० रुपये आहे. त्या दिवशीचा जाहीर दरही तेवढाच आहे. प्रत्यक्षात माझ्याकडून ९०० रुपये रोख घेण्यात आले. फरकाच्या ४७.५० रुपयांसाठी आपल्या शिक्क्याचे, क्रमांक व तारीख नसलेले ‘सर्व्हिस’ असे बिल देण्यात आले. मी कोणतीही वेगळी सेवा मागितली नव्हती व घेतली नाही.
कृपया हे ४७.५० रुपये ७ दिवसांत माझ्या बँक खात्यात परत करावेत. हा आकार तेल कंपनीच्या कोणत्या लेखी मंजुरीने घेतला, ती मंजुरी दाखवावी. मंजुरी नसल्यास यापुढे हा आकार घेतला जाणार नाही, असे लेखी कळवावे.
सोबत: कॅश मेमो, दुसरे बिल व दराचा स्क्रीनशॉट, सर्वांच्या छायाप्रती.
प्रत: क्षेत्र विक्री अधिकारी, (तेल कंपनी).

यात मंजुरीचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. ‘तुम्ही लुबाडलं’ असं लिहिलंत तर उत्तर येतं, ‘आरोप निराधार आहे.’ मंजुरी मागितली की कागद तरी दाखवावा लागतो, नाहीतर पैसे परत करावे लागतात. शिवाय काही आकार खरोखरच कंपनीने मान्य केलेले असतात, उदाहरणार्थ शेगडी आणि जोडणीच्या ठरावीक तपासणीचं शुल्क. तसं काही असेल तर तेही लगेच कळतं.

पत्राचा विचका बहुतेक वेळा भरताडीमुळे होतो. सिलिंडर उशिरा आला, पोरगा उद्धट बोलला, मागच्या वेळी वजन कमी वाटलं, नळी गळ्यात मारली, असं सगळं एकाच कागदावर उतरतं. मग उत्तर सोप्या मुद्द्याचं येतं. ‘कर्मचाऱ्याला समज दिली आहे’ म्हणतात आणि पैशांचं नाव निघत नाही. एका पत्रात एकच फरक, एकच आकडा. डिलिव्हरीवाल्याचं नावही मध्ये आणू नका. बिलावर शिक्का एजन्सीचा आहे, उत्तर एजन्सीनेच द्यायचं.

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर तारखेसह सही-शिक्क्याची पोच घ्या. काउंटरवर पोच द्यायला नकार मिळाला तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. एजन्सीत तक्रारवही असते, तीही मागा आणि त्यात दोन ओळी लिहून पानाचा फोटो घ्या. मूळ बिल कोणी ‘बघायला’ मागितलं तरी हातातून सोडू नका, छायाप्रतच दाखवा.

सात दिवसांत काही हललं नाही तर १८००-२३३-३५५५ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. इथे एक खोच आहे. दोन दिवसांत एजन्सीतून फोन येतो, ‘साहेब, पुढच्या वेळी नाही घेणार,’ आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात की तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येतो. फोनवर एवढंच सांगा, पैसे खात्यात जमा झाले की तक्रार मिटेल. तरीही बंद केली तर जुना क्रमांक आणि पोच असलेलं पत्र जोडून केंद्र सरकारच्या pgportal.gov.in या तक्रारींच्या संकेतस्थळावर नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. जाहीर किंवा फलकावरच्या दरापेक्षा जास्त घेणं हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये तक्रारीचं कारण म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. ४७.५०साठी तिथवर कोणी क्वचितच जातं, पण दुसऱ्या स्मरणपत्रात या कायद्याची एक ओळ टाकली की एजन्सीचा सूर बदलतो.

पुढच्या सिलिंडरसाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बुकिंग करतानाच ॲपवर पैसे भरणं. मग दारात घेण्यासारखी रक्कमच उरत नाही. ते जमत नसेल तर कॅश मेमो हातात येऊन वाचून होईपर्यंत ओटीपी सांगू नका, कारण तो सांगितला की सिस्टीममध्ये डिलिव्हरी पूर्ण झालेली दिसते. ‘जादा दिले नाहीत तर सिलिंडर परत नेतो’ अशी अडवणूक झाली आणि घरात खरंच गॅस संपलेला असला, तर एजन्सीच्याच क्यूआरवर दोन वेगळे व्यवहार करा. पहिला कॅश मेमोवरच्या रकमेचा, दुसरा जादा मागितलेल्या रकमेचा, आणि दुसऱ्याच्या शेऱ्यात ‘जादा मागणी’ लिहा. यूपीआयवर पैसेही जातात, पूर्ण रुपयांत द्यायची गरज नाही. डिलिव्हरीवाल्याच्या स्वतःच्या नंबरवर मात्र पाठवू नका, ते पैसे एजन्सीने घेतले हे नंतर सिद्ध होत नाही.

पैसे परत मिळताना बऱ्याचदा एक छापील चिठ्ठी सहीसाठी पुढे येते, ‘माझी एजन्सीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.’ त्यावर तशीच सही करू नका. ती ओळ खोडून हाताने लिहा, ‘अमुक कॅश मेमोवरील जादा ४७.५० रुपये परत मिळाले’, खाली तारीख घाला, सही करा आणि निघण्याआधी तिचाही फोटो काढा.