थरांच्या स्लाइड्स: एका हंगामानंतरचा अनुभव

सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात शिकाऊ पोरांना रसाचा पाक कसा होतो ते शिकवायचं काम माझ्याकडं आहे. आधी सगळं चित्र एकाच पॉवरपॉइंट स्लाइडवर होतं आणि अॅनिमेशननं एकेक भाग उगवायचा. पडद्यावर झकास! पण वर्गाच्या दिवशी प्रोजेक्टर बसला, म्हणून पीडीएफ काढून विश्रामबागेत छापून आणली, तर सगळे थर एकाच पानावर एकमेकांवर चढलेले. पीडीएफमध्ये अॅनिमेशन उरतच नाही. चोवीस प्रतींचे पैसे माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून एक थर, एक स्लाइड. स्लाइड निवडून Ctrl+D दाबायचं आणि नव्या प्रतीत एकच गोष्ट वाढवायची. पहिल्या स्लाइडवर फक्त चार चौकोन: ऊस, रस, पाक, साखर. दुसरीवर रस आणि पाक यांच्यामध्ये एकच हिशोब. १०० टन रस १५ ब्रिक्सचा, म्हणजे वजनानं १५ टक्के विरघळलेल्या घन पदार्थांचा असेल तर त्यात १५ टन घन पदार्थ. ६० ब्रिक्सचा पाक हवा तर वजन २५ टनांवर आणायचं, म्हणजे ७५ टन पाणी उडवायचं. इथं पोरं गप्प होतात. मग तिसरी: एकाच भांड्यात उडवायचं तर वाफही जवळपास ७५ टन लागेल. चौथीवर चार बॉड्या, म्हणजे एकापुढं एक जोडलेली चार भांडी येतात. पहिलीतल्या रसाची वाफ दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला, आणि वाफेचा खर्च साधारण चौथ्या हिश्शावर येतो. "पण थंड होत चाललेल्या वाफेनं पुढचा रस उकळतो कसा?" हा प्रश्न वर्गातून आला, की मगच व्हॅक्यूमची पाचवी स्लाइड: दाब कमी केला की रस कमी तापमानालाही उकळतो. प्रश्न नाही आला तर चौथी पुन्हा सांगतो. व्हॉल्व्ह, कंडेन्सेट वगैरे सगळ्यात शेवटी.

पहिले दोन महिने मी या पद्धतीवर खूश होतो. मग कळलं, की दुसऱ्याच थरात मी ६० च्या जागी ६५ लिहिलंय आणि ती चूक सगळ्या प्रतींत उतरलीय. दुरुस्त केली, तरी एक राहिली. एका पोरानं भर वर्गात दाखवली. आता पायाचं चित्र स्लाइड मास्टरच्या लेआउटमध्ये ठेवतो. एका जागी बदललं की सगळीकडं बदलतं, आणि चुकून माऊसनं सरकतही नाही. मिलिमीटरभर सरकलं तरी स्लाइड बदलताना चित्र उडी मारतं आणि पोरांचं लक्ष तिकडंच जातं. तोटा एवढाच, की लेआउटमधला एखादा भाग एकाच स्लाइडवर फिका करता येत नाही. मी वरून अर्धपारदर्शक पांढरा चौकोन टाकतो. ओबडधोबड आहे, पण चालतं.

माझी खरी चिडचिड मात्र रंगांवर. रसाची पाइप हिरवी, वाफेची लाल केली होती. रंगीत छपाई परवडत नाही, आणि काळ्या-पांढऱ्यात दोन्ही करड्याच. कोऱ्या कागदावर काढायला लावलं तर निम्म्या पोरांनी वाफ रसाच्या पाइपमध्येच घातली! आता वाफ तुटक रेषेत दाखवतो. एका पानावर सहा स्लाइड छापल्या तरी ती रेष ओळखू येते.